पहिले तीस, मग सत्तर

जुलाब-उलट्यांनी सुकून गेलेली दोन मुलं ग्रामीण रुग्णालयात शेजारशेजारच्या खाटांवर आली आहेत, असं समजू. दोघांचंही वजन काट्यावर बरोबर ८ किलो. एक अकरा महिन्यांचं, दुसरं चौदा महिन्यांचं. दोघांनाही एकच औषध, रिंगर लॅक्टेट, आणि तेही सारखंच ८०० मिलिलिटर द्यायचं आहे. पण चौदा महिन्यांच्या मुलाला ते तीन तासांत द्यायचं आणि अकरा महिन्यांच्या बाळाला सहा तासांत. वयातलं अंतर तीन महिन्यांचं, आणि वेळ दुप्पट.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि आपल्याकडच्या बालआजार व्यवस्थापनाच्या तक्त्यात याला 'प्लॅन सी' म्हणतात. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून मोठ्या रुग्णालयापर्यंत तो भिंतीवर लावलेला असतो. तक्ता दोन ओळींचा आहे. एकूण किलोमागे १०० मिलिलिटर. त्यातले ३० आधी, ७० नंतर. बारा महिन्यांच्या आतल्या बाळाला पहिले ३० एका तासात आणि उरलेले ७० पुढच्या पाच तासांत. बारा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलाला पहिले ३० अर्ध्या तासात आणि उरलेले ७० अडीच तासांत. हे आकडे पाठ करायला दोन मिनिटंही लागत नाहीत. पण ते असेच का आहेत हे ठाऊक नसेल, तर तक्ता समोर असूनही चूक होते.

आधी, हा तक्ता कोणासाठी आहे ते पाहू. जुलाब होणाऱ्या प्रत्येक मुलाला सलाईन लागत नाही. बहुतेकांना ओआरएस पुरतं. तीव्र जलशुष्कता ठरवायला चार खुणा पाहतात आणि त्यातल्या दोन दिसल्या की पुरे. मूल सुस्त आहे किंवा शुद्धीवर नाही. डोळे खोल गेलेत. पाणी पिता येत नाही, किंवा जेमतेम ओठ ओले करतं. आणि पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर पूर्ववत व्हायला दोन सेकंदांहून जास्त वेळ लागतो. चिमूट बेंबी आणि कूस यांच्या मधोमध, शरीराच्या उभ्या रेषेत घ्यायची. डोळे नेहमीपेक्षा खोल वाटतात का, हे आईला विचारलेलं बरं. काही मुलांचे मुळातच खोल असतात. टाळू बसली आहे हे आजीला डॉक्टरांच्या आधी कळलेलं असतं, आणि लहान बाळात ती खूण खरीही असते. फक्त त्यावरचा उपाय तेलाने टाळू भरणं हा नव्हे.

सुस्तपणा आणि चिडचिड यांतला फरक मोठा आहे. किरकिर करणारं, वाटीकडे झेपावणारं, घटाघट पाणी पिणारं मूल अजून लढतंय. त्याच्या वजनातलं साधारण पाच ते दहा टक्के पाणी गेलेलं असतं आणि ते तोंडाने भरून काढता येतं. ज्याची किरकिर थांबली, ज्याला वाटीचं भान उरलं नाही, त्याचं नुकसान दहा टक्क्यांच्या घरात किंवा त्यापुढे गेलेलं असतं. 'आता शांत झोपलंय' असं म्हणत आणलेलं मूल म्हणूनच सगळ्यात आधी तपासायचं.

दहा टक्क्यांच्या या हिशोबातच १०० मिलिलिटरचं मूळ आहे. एक किलोचा दहावा भाग म्हणजे १०० ग्रॅम, आणि पाण्याच्या बाबतीत १०० ग्रॅम म्हणजे १०० मिलिलिटर. म्हणजे हा आकडा मुलाच्या गरजेचा नाही. ते आजवर जे गमावून बसलंय, त्याचा अंदाज आहे. जुलाब चालूच असतील तर त्यात पुढे जाणारं पाणी धरलेलं नाही. हे विसरलं की सहा तासांचं सलाईन चोख देऊनही मूल संध्याकाळी पुन्हा सुकलेलंच दिसतं.

आता पहिले तीस. लहान बाळाच्या शरीरात किलोमागे साधारण ८० मिलिलिटर रक्त असतं. आपल्या ८ किलोच्या बाळात ते साडेसहाशेच्या आसपास भरेल. जुलाबातून जाणारं पाणी आणि मीठ सुरुवातीला पेशींच्या भोवतालच्या द्रवातून जातं आणि रक्तातला द्रव ती घट काही काळ भरत राहतो. शेवटी रक्ताचंच प्रमाण घटतं. हातपाय गार पडतात, मनगटाची नाडी लागत नाही, लघवी थांबते. शरीर उरलंसुरलं रक्त मेंदूसाठी आणि हृदयासाठी राखून ठेवत असतं. मुलाचा जीव जाण्याचा धोका या घटकेला असतो, कातडी सैल पडल्याने नसतो. म्हणून पहिले ३० हे रक्ताभिसरणासाठी आहेत आणि ते घाईनेच द्यायचे. उरलेले ७० कातडीखालच्या, स्नायूंमधल्या, पेशींभोवतीच्या जागा भरण्यासाठी. त्यांना तितकी घाई नाही, आणि तिथे घाई केली तर उलटते.

ती कशी उलटते, हे पाहिलं की वयाचा प्रश्न सुटतो. शिरेतून दिलेलं रिंगर लॅक्टेट सगळंच्या सगळं शिरेत राहत नाही. काही वेळाने त्याचा साधारण चौथा हिस्सा रक्तात उरतो, बाकी झिरपून बाहेरच्या ऊतींत जातं. सुकलेल्या मुलाला तेही हवंच असतं. पण झिरपण्याच्या वेगापेक्षा भरण्याचा वेग जास्त झाला तर भार हृदयावर आणि फुप्फुसावर येतो. वर्षाच्या आतल्या बाळाचं हृदय जास्तीचा भार आला की प्रत्येक ठोक्यातलं रक्त फारसं वाढवू शकत नाही. ते फक्त ठोके वाढवतं, आणि ते आधीच वाढलेले असतात. मूत्रपिंडही अजून तयार होत असतं, जास्तीचं पाणी आणि मीठ चटकन बाहेर टाकणं त्याला मोठ्या मुलाइतकं जमत नाही. म्हणून तेवढंच पाणी, पण दुप्पट वेळ. बारा महिने ही काही निसर्गाने आखलेली रेघ नाही. अकरा महिने एकोणतीस दिवसांचं मूल दुसऱ्या दिवशी बदलत नाही. पण भिंतीवरच्या तक्त्याला रेघ कुठेतरी मारावी लागते, आणि ही रेघ सावधपणाच्या बाजूला झुकलेली आहे.

हे सगळं बाटलीतून कसं उतरतं ते आता अकरा महिन्यांच्या बाळाच्या निमित्ताने पाहू.

बाटलीवर काय लिहिलंय ते आधी वाचायचं. आपल्याकडे शिरेतून जाणाऱ्या प्रत्येक बाटलीला 'सलाईन' म्हणतात, आणि कपाटात शेजारी ठेवलेल्या बाटल्या दिसायलाही सारख्याच. पहिली पसंती रिंगर लॅक्टेटला, पाकिटांवर आणि बोलण्यात 'आरएल'. त्याच्या एका लिटरमध्ये सोडियम साधारण १३० मिलिमोल, थोडं पोटॅशियम, थोडं कॅल्शियम आणि २८ मिलिमोल लॅक्टेट असतं. यकृत लॅक्टेटचं बायकार्बोनेट करतं. जुलाबातून बायकार्बोनेट वाहून गेल्याने रक्त आम्लधर्मी झालेलं असतं, ते त्यातून सावरतं. अशी मुलं खोल आणि जोरात श्वास घेतात, तेव्हा न्यूमोनिया वाटून सलाईन आखडतं घेण्याची चूक होऊ शकते. सलाईन नीट गेलं की हा श्वास आपोआप शांत होतो. आरएल नसेल तर नॉर्मल सलाईन चालतं. त्यात लॅक्टेट आणि पोटॅशियम नाही, पण सोडियम भरपूर आहे आणि रक्तवाहिन्या भरण्याचं काम ते करतं. जे अजिबात चालत नाही ते म्हणजे नुसतं पाच टक्के डेक्स्ट्रोज. त्यातली साखर शरीर वापरून टाकतं आणि मागे उरतं मिठाविना पाणी. ते शरीरभर पसरतं, रक्तात त्याचा अगदी छोटा अंश थांबतो, आणि रक्तातलं सोडियम उतरून मेंदूला सूज येण्याचा, झटके येण्याचा धोका उभा राहतो. 'ग्लुकोजची बाटली लावली की ताकद येते' ही समजूत इथे जिवावर बेतू शकते.

मग सेट. साध्या सेटचे साधारण २० थेंब म्हणजे एक मिलिलिटर. काही सेटचे १५, ते पाकिटावर छापलेलं असतं. मुलांसाठीच्या मायक्रो सेटचे ६० थेंब म्हणजे एक मिलिलिटर. आपल्या बाळाला पहिल्या तासात ३० गुणिले ८, म्हणजे २४० मिलिलिटर द्यायचे आहेत. मिनिटाला ४ मिलिलिटर. साध्या सेटवर मिनिटाला ८० थेंब, म्हणजे सेकंदाला एकाहून थोडे जास्त. घड्याळ समोर धरून मोजता येतात. मायक्रो सेटवर तेच मिनिटाला २४० थेंब होतात, सेकंदाला चार. ते डोळ्याला मोजता येत नाहीत. लहान मूल म्हणून सवयीने मायक्रो सेट लावायचा आणि 'जोरात सोडलंय' असं मानायचं, हा इथला जुना घोटाळा. तासाभराने बाटली पाहिली तर ठरलेल्याच्या निम्मंही उतरलेलं नसतं.

शेजारच्या चौदा महिन्यांच्या मुलाला हेच २४० मिलिलिटर अर्ध्या तासात द्यायचे. साध्या सेटवरही ते मिनिटाला १६० थेंब होतात. अशा वेळी थेंब मोजणं सोडून द्यावं, चाकी पूर्ण उघडावी आणि बाटलीवरच्या रेघा पाहाव्यात. बाटलीला उभी चिकटपट्टी लावून त्यावर पेनने वेळ लिहायची: १० वाजता इथे, सव्वादहाला इथे, साडेदहाला इथे. पातळी आणि घड्याळ जुळलं की काम होतंय. ही चिकटपट्टी कुठल्याच तक्त्यात नसते, पण ज्या वॉर्डात ती दिसते तिथल्या सिस्टरवर माझा विश्वास लगेच बसतो.

आणि शीर. सुकलेल्या बाळाची शीर दिसत नाही, लागली तर टिकत नाही. हाताच्या पाठीवर, घोट्यापाशी, टाळूवर शोधतात. बाळाच्या शिरेत बहुतेक वेळा पिवळ्या टोपीची, २४ क्रमांकाची बारीक सुई बसते. काही मिनिटं प्रयत्न करूनही शीर सापडली नाही आणि मूल मरणाच्या दारात असेल, तर गुडघ्याखाली नडगीच्या हाडात सुई घालून तिथून द्रव देता येतो. हाडाची मज्जा शिरांच्या जाळ्याला जोडलेलीच असते. ऐकायला भयंकर, पण जाणत्या हातात काही क्षणांचं काम.

आता घड्याळ. समजा सकाळी १० वाजता बाळाची ड्रिप सुरू झाली. सुरुवातीला दर पंधरा-वीस मिनिटांनी पाहायचं, आणि नजर बाटलीइतकीच बाळाकडे ठेवायची. नाडी, श्वास, हातपायांची ऊब, सुई टोचलेल्या जागेची सूज. सुई शिरेबाहेर सरकली तर पाणी कातडीखाली साठतं, बाटली उतरत राहते, मूल मात्र तसंच. अकरा वाजता २४० मिलिलिटर गेलेत. मनगटाची नाडी पाहिली. लागते न लागते, इतकी क्षीण. इथे तक्ता एक मुभा देतो जी अनेकांच्या लक्षात राहत नाही: नाडी अजून अगदी क्षीण असेल किंवा लागतच नसेल, तर पहिला भाग तसाच पुन्हा एकदा द्यायचा. म्हणून आणखी २४० मिलिलिटर, आणखी एका तासात. बारा वाजता नाडी बोटाखाली भरून लागते, तळवे उबदार आहेत, बाळ हात लावल्यावर रडतं. त्या रडण्याचं त्या घरातल्या माणसांना काय वाटतं ते निराळं. डॉक्टरला त्यातून रक्त मेंदूत पुन्हा पुरेसं पोचल्याचं कळतं.

आता दुसरा भाग. ७० गुणिले ८ म्हणजे ५६० मिलिलिटर, पाच तासांत. तासाला ११२. साध्या सेटवर मिनिटाला ३७ थेंबांच्या आसपास. बारा ते पाच. चौदा महिन्यांच्या मुलाला हेच ५६० अडीच तासांत, म्हणजे मिनिटाला ७५ थेंब. या टप्प्यावर चाकी कमी करायला विसरणं ही पहिल्या टप्प्यात ती पुरेशी न उघडण्याइतकीच खरी चूक आहे. पापण्या फुगलेल्या दिसल्या, श्वासाचा वेग कमी होता होता पुन्हा वाढला, खोकला सुरू झाला, यकृत बरगडीखाली आणखी उतरलं, की पाणी जास्त होतंय. पापण्यांची सूज आईला सगळ्यात आधी दिसते. 'आता चेहरा भरल्यासारखा दिसतोय' हे तिच्या तोंडून कौतुकाने येतं आणि ऐकणाऱ्याने चाकीकडे हात न्यायचा असतो.

उलट बाजूही आहे. दुपारी दोन वाजता बाळाला तीन मोठे पातळ जुलाब झाले आणि कातडी पुन्हा हळूच परतू लागली, तर ३७ थेंबांना चिकटून बसायचं नाही. दर एक-दोन तासांनी तपासायचं ते याचसाठी. सुधारणा होत नसेल तर वेग वाढवायचा. तक्त्यातला वेग सुरुवातीचा असतो, पुढचा वेग मुलाकडे पाहून ठरतो.

हा धडा वैद्यकाने फार पूर्वी, फार महागात घेतला आहे. १८३२ मध्ये स्कॉटलंडमधल्या लीथ बंदरात कॉलऱ्याची साथ होती. थॉमस लॅटा नावाच्या डॉक्टरने सगळे उपाय थकलेल्या एका वृद्ध बाईच्या शिरेत मीठ आणि सोडा घातलेलं पाणी सोडलं. तीन लिटरच्या आसपास पाणी गेल्यावर तिच्या खोल गेलेल्या डोळ्यांत तेज आलं, नाडी परतली, ती बोलू लागली. ती सावरली असं मानून लॅटा तिला दुसऱ्याच्या हाती सोपवून निघून गेला. जुलाब चालूच होते, शिरेतून पुन्हा पाणी कोणी दिलं नाही, आणि काही तासांत ती गेली. उपचार बरोबर होता. चुकलं ते थांबणं. लॅटाने हे सगळं पत्र लिहून कळवलं, ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, आणि पुढच्या रुग्णांत तो पाणी पुन्हा पुन्हा देत राहिला. तरीही साथ ओसरल्यावर ही पद्धत जवळजवळ विसरली गेली.

थांबू नये, पण सगळं शिरेतूनच करावं असंही नाही. बाळ पिण्याइतकं जागं झालं की ड्रिप चालू असतानाच ओआरएस सुरू करायचं. किलोमागे तासाला ५ मिलिलिटर. आपल्या बाळाला तासाला ४० मिलिलिटर, म्हणजे आठ चहाचे चमचे, साधारण सात-आठ मिनिटांनी एक. वर्षाच्या आतली मुलं ड्रिप लागल्यावर तीन-चार तासांनी पिऊ लागतात, मोठी एक-दोन तासांतच. अंगावरचं दूध तर बंद करायचंच नसतं. 'सलाईन चाललंय ना, मग तोंडाने कशाला, उलटी होईल' असं नातेवाईक म्हणतात, कधी कर्मचारीही. पण ओआरएस जे देतं ते आरएल देत नाही. आरएलमध्ये लिटरमागे पोटॅशियम जेमतेम ४-५ मिलिमोल; ओआरएसमध्ये २०, आणि जुलाबातून पोटॅशियम भरपूर जातं. ते कमी पडलं की पोट फुगतं, मान आणि हातपाय ढिले पडतात. ओआरएसमध्ये ग्लुकोजही आहे, आरएलमध्ये अजिबात नाही. नाडी परतली, कातडी सुधारली, तरी मूल जागं होईना, तर रक्तातली साखर तपासायची. दिवसभर उपाशी असलेल्या बाळात ती उतरलेली असू शकते, आणि मग दहा टक्के ग्लुकोज किलोमागे ५ मिलिलिटर शिरेतून द्यावं लागतं.

शिरेतून आणि तोंडातून अशा दोन वाटा एकमेकींना जोडल्या गेल्या त्या बांगलादेश युद्धाच्या वर्षी. १९७१ मध्ये पश्चिम बंगालच्या सीमेवरच्या बनगाव इथे निर्वासितांच्या लोंढ्यात कॉलरा पसरला आणि सलाईनचा साठा पुरेना. डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजची पुड्यांत भरलेली मिश्रणं पाण्यात विरघळवून नातेवाइकांच्याच हातून पाजायला सुरुवात केली आणि शिरेतलं सलाईन अगदी गळून गेलेल्यांसाठी राखून ठेवलं. मृत्यूचं प्रमाण, जे आधी तीस टक्क्यांच्या घरात होतं, ते तीन-चार टक्क्यांवर आलं. बाटली कमी आहे म्हणून केलेली ती तडजोड आज बाटल्या भरपूर असतानाही नियम म्हणून पाळली जाते.

शिरेची सोय नसलेल्या ठिकाणी तक्ता आणखी एक वाट देतो. ड्रिप लावणारी जागा अर्ध्या तासाच्या आत गाठता येत असेल तर लगेच निघायचं, आणि मूल गिळू शकत असेल तर रस्ताभर आईने ओआरएस घोट घोट पाजत राहायचं. त्याहून लांब असेल, नदीला पूर आलेला असेल, १०८ ची गाडी दुसऱ्या गावी गेलेली असेल, तर प्रशिक्षित परिचारिकेने नाकातून जठरात नळी घालून ओआरएस द्यायचं: किलोमागे तासाला २० मिलिलिटर, सहा तास. आपल्या बाळाला तासाला १६०, एकूण ९६०. उलट्या होत राहिल्या किंवा पोट फुगलं तर वेग कमी करायचा. तीन तासांतही फरक पडला नाही, तर कसंही करून शिरेपर्यंत पोचवायलाच हवं.

या तक्त्याच्या बाहेर असलेली मुलंही ओळखावी लागतात. पहिलं, अति तीव्र कुपोषित मूल. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी, किंवा दोन्ही पायांवर दाबल्यावर खळगा पडणारी सूज. मेळघाट, नंदुरबार, पालघर इथल्या डॉक्टरांना हा प्रश्न नवा नाही. अशा मुलाचे डोळे एरवीही खोल असतात, कातडी एरवीही सैल. त्यामुळे नेहमीच्या खुणा फसवतात. हृदय अशक्त झालेलं असतं आणि शरीरात सोडियम साचलेलं असतं. म्हणून शिरेतून पाणी फक्त शॉक असेल तेव्हा, आणि तेही ग्लुकोज मिसळलेलं, किलोमागे १५ मिलिलिटर एका तासात, श्वास आणि नाडी मोजत मोजत. चौदा महिन्यांच्या ६ किलोच्या मुलाचं उदाहरण घेतलं, तर नेहमीच्या तक्त्याने अर्ध्या तासात १८० मिलिलिटर गेले असते. या नियमाने एका तासात ९०. हा नियम खूपच हात आखडून घेणारा आहे का, असा प्रश्न आता गंभीरपणे विचारला जातोय. २०२५ मध्ये आफ्रिकेतल्या काही रुग्णालयांमधल्या एका चाचणीत जुलाबाच्या कुपोषित मुलांना मोकळ्या हाताने सलाईन दिल्याने मृत्यू वाढलेही नाहीत आणि कमीही झाले नाहीत. तरी मोजणारं माणूस खाटेशी नसेल, तिथे मी जुन्याच नियमाच्या बाजूने राहीन.

दुसरं, जुलाबाशिवाय शॉकमध्ये आलेलं तापाचं मूल. हात गार, नाडी क्षीण, म्हणून 'तीस अर्ध्या तासात' लावायचा मोह होतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'फीस्ट' या चाचणीत युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या तीन हजारांहून अधिक तापाच्या मुलांवर नेमकं हेच तपासलं गेलं. घाईने भरपूर द्रव दिलेल्या मुलांपैकी अठ्ठेचाळीस तासांत सुमारे साडेदहा टक्के दगावली. सावकाश दिलेल्यांपैकी सव्वासात टक्क्यांच्या आसपास. जुलाबाची मुलं या चाचणीतून मुद्दाम वगळलेली होती, आणि ते वगळणंच महत्त्वाचं आहे. जुलाबाच्या मुलात पाणी शरीराबाहेर गेलेलं असतं, ते परत द्यायचं असतं. तापाच्या अनेक मुलांत ते शरीरातच असतं, फक्त चुकीच्या जागी. दोघांची नाडी सारखीच लागते. म्हणून बाटली टांगण्याआधी आईला एक प्रश्न विचारलाच पाहिजे: जुलाब किती आणि कधीपासून?

आपल्या अकरा महिन्यांच्या बाळाकडे परत येऊ. पाच वाजले. बाळाच्या चारही खुणा पुन्हा पाहिल्या. अजून तीव्र असतील तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. समजा डोळे थोडे खोल आहेत, पण बाळ चमच्याकडे तोंड नेतंय. मग शिरेचं काम संपलं. पुढचे चार तास ओआरएस, किलोमागे ७५ मिलिलिटर, म्हणजे ६००, आईच्या हाताने वाटी-चमच्याने. त्यानंतर प्रत्येक पातळ जुलाबामागे ५० ते १०० मिलिलिटर, आणि १४ दिवस झिंक, सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम. पाणी भरून आल्यावर निदान सहा तास बाळ रुग्णालयात ठेवायचं. त्या सहा तासांत जुलाबातून जाणारं आणि आई चमच्याने देते ते, यांचा मेळ बसतो की नाही हे कळतं. बसला नाही तर शीर तयार आहे. घरी गेल्यावर ती पुन्हा शोधावी लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच काट्यावर, तितक्याच कपड्यांत वजन करावं. समजा ८ किलो ८०० ग्रॅम भरलं. म्हणजे आल्यावेळी तूट ८०० ग्रॅमची होती, खऱ्या वजनाच्या नऊ टक्के. दहाचा अंदाज फारसा चुकला नव्हता. तेच वजन सव्वानऊच्या पुढे गेलं असेल आणि पापण्या जड दिसत असतील, तर पाणी जास्त झालंय. अशा वेळी ओआरएस थांबवायचं, अंगावरचं दूध आणि साधं पाणी चालू ठेवायचं, आणि सूज उतरली की जुलाबांच्या हिशोबाने ओआरएस पुन्हा सुरू करायचं.